शून्यापाशी उभे राहणारे दोन वक्र

कॉलेजच्या परीक्षेत मी दोन प्रश्नांना एकच उत्तर लिहिले होते. y = ∛x या वक्राचा शून्यापाशी चढ किती? ‘अस्तित्वात नाही.’ y = x^(2/3) या वक्राचा? ‘अस्तित्वात नाही.’ दोन्हींना पूर्ण गुण मिळाले. त्या दोन ‘नाहीं’मध्ये केवढे अंतर आहे, हे मात्र फार उशिरा लक्षात आले.

पहिला वक्र घनमुळाचा, दुसरा त्याच घनमुळाच्या वर्गाचा. शून्यापासून ०.००१ इतके उजवीकडे सरका. घनमूळ ०.१ येते, म्हणजे एवढ्याशा अंतरात सरासरी चढ १०० झाला. दुसऱ्या वक्राची उंची ०.०१, चढ १०. आता तेवढेच डावीकडे जा. घनमूळ −०.१, अंतरही ऋण, म्हणून चढ पुन्हा १००. दुसऱ्या वक्राची उंची मात्र तीच, ०.०१, आणि चढ −१०. ०.०००००१ इतके जवळ गेलात, तर पहिल्याचा चढ दोन्हीकडून १०,००० होतो. दुसऱ्याचा उजवीकडून १०० आणि डावीकडून −१००.

पहिला वक्र चढत चढत उभा होतो आणि तसाच वर निघून जातो. दुसरा सरळ खाली कोसळतो, शून्याला टेकतो आणि आल्या दिशेने वर उसळतो. तिथे टोक तयार होते. स्पर्शिका दोघांचीही उभीच, y-अक्षावर पडलेली.

मग बिघाड वक्रात आहे की आपल्या अक्षांत? कागद आडवा फिरवून पाहा. घनमुळाचा वक्र आता घनाचा उलटा वक्र, y = −x³, होतो आणि शून्यापाशी निवांत आडवा पडतो, चढ शून्य. दोष त्याचा नव्हताच. टोक मात्र कागद कसाही फिरवला तरी टोकच राहते.

याचे कारण वक्रावरून एक मुंगी चालवली की दिसते. t या क्षणी ती पहिल्या वक्रावर (t³, t) इथे असेल, तर तिचा वेग (3t², 1). तो कधीच शून्य होत नाही, मुंगी न थांबता पुढे जाते. दुसऱ्या वक्रावर ती (t³, t²) इथे, वेग (3t², 2t). t = 0 ला दोन्ही घटक शून्य. चाल वेगळी निवडली तरी सुटका नाही: दिशा पूर्ण उलटायची, तर वेग हळूहळू बदलत शून्यातून जावाच लागतो.

विद्यार्थी फसतात ते इथेच. लघुतम किंमत शोधताना अवकलज शून्य कुठे होतो, एवढेच ते पाहतात. x^(2/3) चा अवकलज 2/(3∛x). तो कुठेही शून्य होत नाही. म्हणून ‘लघुतम किंमत नाही’ असे लिहून मोकळे होतात. पण x = −1 ला उंची १, x = 1 लाही १, आणि मधे शून्यावर ०. सगळ्यांत खालचा बिंदू त्या टोकावरच बसलेला असतो.