टीकेला दोन पत्रांचं उत्तर

अकाउंट्सच्या नोकरीची मुलाखत. मुलाखत घेणाऱ्या बाई स्पष्टच म्हणाल्या, "नोंदी येतात तुम्हाला, पण खरेदीवही आणि जीएसटीआर-२बी यांचा मेळ घालता येत नाही."

अशा वेळी पहिलं ईमेल त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जावं. चार ओळी पुरतात. "मोकळेपणाने सांगितल्याबद्दल आभार" एवढंच लिहिलं, तर ते सगळ्यांना पाठवतात तसलं वाटतं. म्हणून नेमकी उणीव आपल्या शब्दांत लिहावी: "मेळ घालताना मी फक्त एकूण रक्कम पाहत होतो, बिलवार तपासत नव्हतो." सबब सांगू नये, मोठी आश्वासनंही देऊ नयेत. बाईंचा पत्ता नसेल, तर एचआरमार्फत पाठवावं.

दुसरं ईमेल दाखवण्याजोगं काही हाती आल्यावरच, त्याच ईमेलला जोडून पाठवावं. "कोर्स केला" यापेक्षा काम सांगावं: "सरावासाठी तीन महिन्यांची बिलं जुळवली. काही २बीमध्ये दिसतच नव्हती, कारण पुरवठादाराने विवरणपत्र उशिरा भरलं होतं. काहींत जीएसटी क्रमांक चुकला होता. आता न जुळणाऱ्या बिलांची कारणांनुसार यादी करतो."

सध्याच्या मालकाची खरी बिलं मात्र जोडू नयेत. गोपनीयता न पाळणारा हिशेबनीस कोणालाच नको असतो. शेवटी "जागा आहे का?" हेही विचारू नये, त्या प्रश्नाने आधीचे आभार अर्जासारखे वाटू लागतात. उत्तर आलं नाही, तर तिसरं ईमेल पाठवू नये.