संतांना मतं कशाला मागायची?

आमच्या नातेपुत्यात माउलींची पालखी मुक्कामाला येते, तेव्हा घराघरांत चुली दोन दिवस थंड होत नाहीत. भाकरी थापणाऱ्या, पिठलं हलवणाऱ्या बायकांच्या दारावरून पंढरीची वाट जाते आणि त्यातल्या निम्म्या-अधिक जणी जन्मात एकदाही पायी वारीला गेलेल्या नसतात. अशाच आम्ही काही जणी दर गुरुवारी दुपारी देवळात भजनाला बसतो. महिन्याला चार बैठका. पुढच्या महिन्यात काय म्हणायचं, कशावर बोलायचं, हे पूर्वी आमच्यातल्या दोघी-तिघी थोरल्या ठरवायच्या. मग आमचाही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला. २०२२च्या अखेरीस त्यावर मत घेण्याची, म्हणजे ‘पोल’ची सोय आली आणि सगळ्यांना वाटलं, आता सगळ्यांना विचारूनच ठरवू.

विचारलं, आणि पहिल्याच फटक्यात मी चूक करून बसले. तीच आधी सांगते.

चैत्र संपत आला होता. मी ग्रुपवर टाकलं, ‘वैशाखात कोणत्या संतांचे अभंग घ्यायचे? एकच निवडा.’ खाली सहा नावं दिली. संध्याकाळपर्यंत ज्ञानोबा आणि तुकोबा यांच्यात चुरस लागली. कुणी ‘आमचे तुकोबा पुढे’ म्हणून हात जोडल्याची चित्रं टाकली, कुणी फोन करून ‘अगं, माउलींना दे ना’ म्हणून सांगितलं. सावता महाराजांना थोडी मतं पडली. चोखोबांना दोन.

आता हे दोन म्हणजे नुसता आकडा नव्हता. पोलखाली `View votes` असं दिसतं, ते दाबलं की कुणी कुठं मत दिलं त्यांची नावं ग्रुपमधल्या सगळ्यांना वाचता येतात. आणि आपल्याकडे संतांच्या नावामागं माणसं जात वाचतात, हे तुम्हाला-मला ठाऊक आहे. कुणी सावतोबांना दिलं, कुणी चोखोबांना दिलं, यावरून न बोलता हिशेब झाले. चोखोबांना मत देणाऱ्या दोघींपैकी एक वहिनी पुढच्या गुरुवारी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. विचारलं तर म्हणाल्या, ‘ताई, कामं फार आहेत हो.’

आणखी एक गोष्ट नंतर लक्षात आली, तेव्हा मला अगदी ओशाळल्यासारखं झालं. चोखोबांची पुण्यतिथी वैशाख वद्य पंचमीची. १३३८ साली आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललेलं असताना ते कोसळलं आणि त्याखाली ते गेले. म्हणजे ज्या महिन्यात त्यांची आठवण काढायची, त्याच महिन्यात आम्ही त्यांना दोन मतांवर पाडलं होतं.

तिथी ठरलेलीच आहे

यातून पहिला धडा मिळाला. संतांची नावं पोलवर टाकायचीच नाहीत. त्यांची पाळी पंचांगानं कधीच लावून ठेवलेली आहे. चैत्र वद्य त्रयोदशीला गोरोबाकाका, वैशाखात चोखोबा, आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेव महाराज आणि जनाबाई, लगेच दुसऱ्या दिवशी चतुर्दशीला सावता महाराज, कार्तिक वद्य त्रयोदशीला माउली, फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा. यात कुणी कुणाला हरवत नाही, वर्षात प्रत्येकाची पाळी येतेच. म्हणून चारपैकी एक गुरुवार आम्ही मतदानातून बाजूला काढला. तो तिथीचा गुरुवार. त्या महिन्यात ज्यांची तिथी, त्यांचे अभंग. उरले तीन. त्यांचे विषय आपण सगळ्यांनी मिळून ठरवायचे.

आधी प्रश्न, मग पर्याय

विषय ठरवताना दुसरी अडचण येते. पर्याय एकटीनं लिहिले की ते तिच्याच डोक्यातले असतात. म्हणून महिना संपायच्या आठ-दहा दिवस आधी आम्ही पोल न टाकता साधा प्रश्न टाकतो, ‘या महिन्यात घरात, मनात असं काय आलं, की ज्यावर अभंगात काही सापडेल असं वाटलं?’ जिला ग्रुपवर लिहायचं नाही ती मला एकटीला लिहिते किंवा बोलून आवाज पाठवते. जिच्याकडे स्वतःचा फोन नाही, तिच्यासाठी देवळात एक वही ठेवली आहे. फोन मुलाचा, नंबर घराचा, असं आपल्याकडे अजून पुष्कळ ठिकाणी आहे. फक्त पोलवर भरवसा ठेवला तर अशा बायका मोजल्याच जात नाहीत.

त्या वैशाखानंतर पहिल्यांदा असं विचारलं तेव्हा काय काय आलं, ऐका. ‘सासूबाई अंथरुणावर आहेत, घर सोडता येत नाही, मला वारी कशी घडायची?’ ‘दिवसभर कामात हात, नाम घ्यायचं कधी?’ ‘देवावर राग आला तर पाप लागतं का?’ ‘नातवाला झोपताना सांगायला गोष्टी हव्यात.’ एकीनं लिहिलं, ‘अर्थ राहू दे, मला चाली शिकवा.’

एकाही उत्तरात संताचं नाव नव्हतं. पण प्रत्येक उत्तरात किती संत दडले होते! कामातल्या नामाला दळणकांडण करणारी जनाबाई आहे, माती तुडवणारे गोरोबा आहेत. वारी घडत नाही म्हणणारीला सावता महाराज आहेत. ते पंढरीला न जाता अरणच्या मळ्यातच विठ्ठल भेटला, असं परंपरा सांगते. आणि जे पंढरीला पोचूनही देवळाच्या दाराबाहेर राहिले, ते चोखोबा आहेत. देवावर रुसायचं तर जनाबाई विठ्ठलाशी हक्कानं भांडते, आणि चोखोबांच्या पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा यांचेही अभंग आहेतच. विषय माणसाच्या अडचणीचा घेतला, की सगळे संत एकाच पंगतीला बसतात.

पोल टाकताना

या उत्तरांतून पाचच पर्याय करायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर बारापर्यंत टाकता येतात, पण बारा वाचून कुणी निवडत नाही, वरचं पहिलं दाबून मोकळं होतं. कुणी सुचवलं ते नाव पर्यायात घालायचं नाही. आमचा पोल असा होता:

‘पुढच्या महिन्यात कोणकोणत्या विषयाला तुम्हाला येऊन बसायला आवडेल? हवे तितके निवडा. हात कामात असताना नाम / वारीला जाता येत नाही तेव्हा / देवावर रुसणं / मुलांना सांगायच्या गोष्टी / नव्या चाली.’

यात दोन गोष्टी मुद्दाम केल्या. एक म्हणजे पोल बनवताना `Allow multiple answers` चालू ठेवलं. ते बंद असलं की एकच निवडता येतं आणि तिथंच चढाओढ सुरू होते. एकच निवडायला सांगितलं की बाईचा फक्त पहिला क्रमांक कळतो. दुसऱ्या-तिसऱ्या विषयालाही ती आनंदानं बसली असती, हे कळतच नाही. चोखोबांचं तेच झालं होतं. पहिलं मत दोघींचं होतं, पण ‘चालेल की’ म्हणणाऱ्या कितीतरी होत्या. हवे तितके निवडा म्हटल्यावर आमच्या बहुतेक जणींनी तीन-तीन, चार-चार खुणा केल्या. मागं राहिलेल्या विषयालाही निम्म्याच्या आसपास खुणा होत्या. आकडे जवळजवळ आले की जिंकलं-हरलं म्हणायला काही उरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रश्नाचे शब्द. ‘सर्वांत चांगला विषय कोणता?’ म्हटलं की निवाडा होतो. ‘तुम्ही कशाला येऊन बसाल?’ म्हटलं की प्रत्येक जण स्वतःपुरतं सांगते.

नावं दिसण्याची अडचण मात्र यानं पुरती जात नाही. सासूनं खूण केली की अर्ध्या तासात सून तिथंच खूण करते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून पोलच्या जोडीला गुरुवारी देवळात पाच वाट्या ठेवतो. प्रत्येकीवर विषयाची चिठ्ठी, वरून फडकं. जिला जितके विषय हवेत तितक्या वाट्यांत तिनं एकेक चिंचोका टाकायचा. कुणाचा कोणता, कुणाला कळत नाही. फोनवर खूण केली असेल तिनं वाटीत टाकायचं नाही, एवढाच नियम. दोन्हींची बेरीज वहीत.

निकाल सांगताना

इथंही जपावं लागतं. आम्ही आकडे वाचत नाही, ‘पहिला नंबर’ हा शब्द वापरत नाही. पाच विषय, तीन गुरुवार. खुणा फक्त क्रम ठरवतात. ज्यांना पुष्कळ खुणा ते तीन आता, उरलेले दोन पुढच्या महिन्यात मत न घेता आधी. त्या महिन्यात मग एकाच गुरुवारचा विषय विचारायचा. ग्रुपवर एवढंच लिहितो, ‘पहिल्या गुरुवारी वारीला जाता येत नाही तेव्हा, दुसऱ्या गुरुवारी देवावर रुसणं, तिसरा तिथीचा, चौथ्याला नव्या चाली. कामातलं नाम आणि मुलांच्या गोष्टी पुढच्या महिन्यात, वहीत लिहून ठेवल्यात.’ कुठला विषय बाद होत नाही, थांबतो.

तरीही चढाओढ शिरली की ओळखायची कशी? एका रात्रीत एखाद्या विषयाच्या खुणा भराभर वाढतात. जी कधी भजनाला येत नाही ती मत द्यायला येते. मत बदलता येतं, त्यामुळे आकडा बघून खुणा इकडच्या तिकडे होतात. असं दिसलं की पोलवर भांडत बसू नये. ‘या वेळी चिंचोक्यांवर ठरवू’ म्हणावं आणि पुढं जावं.

आमच्यातल्या एका मुलीनं आमची भजनं यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली आहे. तिथल्या पोलमध्ये मत देणाऱ्यांची नावं इतरांना दिसत नाहीत, हे चांगलं. पण तिथं एकच निवडता येतं आणि टक्के दिसतात. म्हणून तिथं विषय विचारायचाच नाही असं ठरवलं. तिथं विचारतो, ‘तुम्ही भजन कधी ऐकता? पहाटे, स्वयंपाक करताना, दुपारी, की निजताना?’ यात हरण्यासारखं कुणी नाही, आणि उत्तर उपयोगी पडतं. स्वयंपाकाच्या वेळी ऐकणाऱ्या जास्त निघाल्या, तेव्हा लांबलचक निरूपण कमी करून अभंग सलग ठेवले.

त्या वहिनींचं सांगायचं राहिलं. ‘देवावर रुसणं’ या गुरुवारी त्या आल्या, मागच्या खांबाला टेकून बसल्या. सोयराबाईंचा अभंग सुरू झाला, तो त्यांना पाठ होता. आमच्यातल्या कुणालाच चाल धड येत नव्हती. मग त्यांनीच पुढं येऊन टाळ हातात घेतला. जाताना वहीत एक ओळ लिहून गेल्या. पुढच्या महिन्यासाठी त्यांचा विषय होता, ‘दाराबाहेरून दिसलेला देव.’ आम्ही तो तसाच्या तसा पर्यायात घातला. नाव कुणाचं ते लिहिलं नाही.