रीलवरचं मराठी: ओळ कुठे तोडायची?

पाककृतीची रील बरेच जण आवाज बंद ठेवूनच पाहतात. मग आजींचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोहोचतं ते खाली उमटणाऱ्या अक्षरांतूनच. समजा, आजी चकलीच्या भाजणीबद्दल सांगताहेत: ‘भाजणी दळून आणली की लगेच डब्यात भरू नका, आधी ताटात पसरून गार होऊ द्या.’ ॲपने शब्द मोजून याचे दोन तुकडे केले, तर पहिल्या पाटीवर येतं ‘भाजणी दळून आणली की लगेच डब्यात भरू’ आणि दुसरी सुरू होते ‘नका’ने. पाहणाऱ्याने तेवढ्यात बोट सरकवलं, तर गरम पीठ डब्यात गेलं, वाफ धरली आणि भाजणी बिघडली!

मराठीत नकार बहुधा क्रियापदानंतर येतो. म्हणून ‘भरू नका’, ‘येत नाही’ या जोड्या कधीच तोडू नयेत. ‘होऊ द्या’, ‘निघून गेले’ यांचंही तसंच. ‘की’, ‘तर’, ‘म्हणून’ यांनी अर्धं वाक्य संपत असेल, तर ते त्याच ओळीच्या शेवटी राहू द्यावेत, कारण बोलणारा श्वास त्यांच्यानंतर घेतो.

उभ्या पडद्यावर एका ओळीत तीन-चार शब्द आणि एका वेळी दोनच ओळी बऱ्या दिसतात. वरचं वाक्य असं बसतं:

```
1
00:00:04,200 --> 00:00:05,900
भाजणी दळून
आणली की

2
00:00:05,900 --> 00:00:07,600
लगेच डब्यात
भरू नका,

3
00:00:07,900 --> 00:00:10,400
आधी ताटात पसरून
गार होऊ द्या.
```

ही `.srt` फाइल. सेकंदांनंतर स्वल्पविराम असतो, टिंब नव्हे; फाइल `UTF-8` मध्ये साठवावी, नाहीतर देवनागरीच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. पाटी शब्द उच्चारताच यावी, आधी नको. आपल्याकडची इंग्रजी माध्यमातली मुलं देवनागरी जरा सावकाश वाचतात. त्यांच्यासाठी पुढचं वाक्य सुरू होईपर्यंतची शांतताही त्याच पाटीला द्यावी.

शब्द मात्र आजींचेच ठेवावेत. त्या ‘पीठ भिजवून राहिले’ म्हणाल्या, तर तिथे ‘भिजवत आहे’ लिहू नये. कानाला एक आणि डोळ्याला दुसरं मिळालं की वाचणारा अडखळतो. अडखळत दोनदा आलेला शब्द किंवा नुसतं ‘अं…’ गाळायला हरकत नाही. ‘हं’ मात्र ठेवावा, त्यात दटावणी असते.

शेवटी रील फोनवरच तपासावी. संगणकावर नीट दिसणारी ओळ तिथे अक्षर मोठं झाल्यामुळे मधेच दुमडते, आणि अगदी तळाशी ठेवलेला मजकूर खात्याच्या नावाखाली झाकला जातो. आवाज बंद करून प्रत्येक पाटीवर थांबा आणि पुढची नाहीच असं समजून वाचा. उलटा अर्थ निघाला, तर तिथली तोड बदला.