रिकाम्या खोलीचा फोटो आणि वर्णनलेखन : सूचना कशी लिहावी?



चौथी-पाचवीच्या मुलांना 'माझे घर' हा निबंध आपण दरवर्षी देतो. आमच्या खांब परिसरात एकाच वर्गात बंगल्यातलं मूल असतं, कौलारू घरातलं असतं आणि वर्षातले काही महिने आई-बाबांबरोबर वीटभट्टीवर राहणारंही असतं. या विषयावर काही मुलं भराभर लिहितात, तर काही मुलं वहीवर हात ठेवून बसतात. मागे एकाने सोफा, एसी, मोठा टीव्ही असं सगळं टीव्हीतलं घर लिहून दिलं होतं. मी काही बोलले नाही, पण विषय निवडताना चूक माझीच झाली होती.

त्यानंतर मी रिकाम्या खोलीचा फोटो वापरायला लागले. ती खोली वर्गातल्या कुणाचीच नसते, त्यामुळे सगळे एकाच जागेवरून सुरुवात करतात. काम एवढंच की या खोलीचं नूतनीकरण करायचं आणि ती वेगळ्या शैलीत सजवून तिचं वर्णन लिहायचं.

पहिल्यांदा मी फळ्यावर अशी सूचना लिहिली होती : "या खोलीचे तुमच्या आवडीप्रमाणे नूतनीकरण करा व वर्णन लिहा." परिणाम काय झाला? सगळ्या वह्यांत वस्तूंची यादी आली. सोफा ठेवीन, पंखा लावीन, झुंबर लावीन. फोटोकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिलंच नाही. सूचनेत फोटो पाहायची गरजच नव्हती, मग मुलं कशाला पाहतील?

म्हणून आता मी सूचना तीन भागांत लिहिते : काय बदलणार नाही, शैली कोणती, आणि खोलीत कोण राहणार.

पहिला भाग : न बदलणाऱ्या गोष्टी

पावसाआधी कौलं चाळायची म्हणून आमच्या घरची पुढची खोली रिकामी केली होती, तेव्हा दारात उभं राहून मी मोबाईलवर फोटो काढला. समोरच्या भिंतीत गजांची खिडकी, डाव्या भिंतीत फडताळ, खाली शहाबादी फरशी, वर वासे आणि कौलं, त्यात एक काचेचं कौल.

खोली केवढी आहे हे मी सांगत नाही. मोबाईलच्या फोटोत खोली असते त्यापेक्षा मोठी वाटते, म्हणून डोळ्याने अंदाज घेऊ नये. फरशा मोजायच्या. एक फरशी दोन बाय दोन फुटांची आहे, एवढंच मुलांना सांगायचं. रुंदीला ५ आणि लांबीला ६ फरशा, म्हणजे खोली १० बाय १२ फूट. फरशी नसेल तर दाराच्या उंचीवरून अंदाज येतो, पण जुन्या घरांची दारं ठेंगणी असतात, तिथे फसगत होते. फोटो सकाळचा आहे आणि समोरच्या खिडकीतून ऊन आत आलंय, म्हणजे खिडकी पूर्वेला.

मग नियम सांगायचा : खोलीचं माप, दार, खिडकी आणि छपराचा उतार तसाच राहील. जमीन, भिंतींचा रंग, आतलं छत आणि सामान बदलता येईल.

दुसरा भाग : शैली

'जुन्या पद्धतीची' किंवा 'राजेशाही' असं मोघम लिहिलं की पुन्हा झुंबर येतं. शैलीला काळ आणि ठिकाण हवं. मी 'पेशवेकाळातल्या पुणेरी वाड्याचा दिवाणखाना' अशी शैली दिली आणि पुण्यातल्या विश्रामबागवाड्याचे फोटो दाखवले. हा वाडा दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला, १८०७ च्या सुमाराचा. मुलांनी त्यात सुरूच्या झाडासारखे निमुळते लाकडी खांब आणि कोरीवकाम पाहिलं. अशा दिवाणखान्यात खुर्च्या नसतात, जमिनीवर बैठक आणि लोड-तक्के असतात, भिंतीत दिव्यासाठी कोनाडे असतात, हे मी सांगितलं.

आता खरा विचार सुरू झाला. एकाने खांबांच्या दोन रांगा लिहिल्या. मी त्याला जमिनीवर खडूने १० बाय १२ चा चौकोन आखायला लावला. खांब आखल्यावर बैठकीला जागाच उरेना. मग त्यानेच ठरवलं की दोनच खांब घ्यायचे, तेही खिडकीच्या दोन बाजूंना भिंतीला लागून. डाव्या भिंतीतल्या फडताळाचं दार काढून एकीने कोनाडा केला.

एका मुलीने वर लाकडी फळ्यांचं छत घातलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मग काचेच्या कौलाचा उजेड कुठे गेला?" प्रश्न बरोबर होता. फळ्या घातल्या की तो उजेड बंद. तिने लिहिलं, "छताला फळ्या लावल्यामुळे दुपारी खोली अंधारी होते. म्हणून कोनाड्यात समई ठेवली आहे. सकाळी मात्र खिडकीतले ऊन बैठकीवर येते." या तीन वाक्यांत 'म्हणून' आहे, 'मात्र' आहे, कारण आहे. यादीत हे शब्द येत नाहीत.

शैली लांबची असली तरी हीच रीत चालते. जपानी घरात जमिनीवर ततामी नावाच्या जाड चटया बसवतात. एक चटई साधारण ३ बाय ६ फूट. आपल्या खोलीत अशा सहा बसतात, त्या ९ बाय १२ जागा व्यापतात आणि एका भिंतीलगत फुटभर पट्टा उरतो. त्या पट्ट्याचं काय करायचं, हा लिहायला चांगला प्रश्न आहे.

तिसरा भाग : राहणारं माणूस

माणूस नसेल तर वर्णन दुकानातल्या मालासारखं होतं. 'गुडघे दुखणारी आजी' असं लिहिलं की जमिनीवरची बैठक अडचणीची ठरते, मग मुलं खिडकीखाली झोपाळा टांगतात किंवा उंच चौरंग ठेवतात.

पूर्ण सूचना अशी होते :

"फोटोतील खोली १० बाय १२ फूट आहे. दार, खिडकी व छपराचा उतार बदलू नका. ही खोली पेशवेकाळातील वाड्याच्या दिवाणखान्यासारखी करा. येथे गुडघे दुखणारी आजी व तिची नात बसणार आहेत. दारातून आत आल्यावर काय दिसते, तेथून सुरुवात करा. शैलीचे नाव लिहू नका. १२ ते १५ वाक्ये लिहा."

तपासायचं कसं?

मी आधी शुद्धलेखन पाहत नाही. वही शैली माहीत नसलेल्या दुसऱ्या वर्गातल्या मुलाला देते आणि वाचून चित्र काढायला सांगते. नंतर चित्र आणि फोटो शेजारी ठेवायचे. खिडकी समोर आली का? फडताळ डावीकडे आलं का? नसेल, तर लेखनात दिशा राहून गेली. मग विचारायचं, ही खोली कुठली वाटते? "जुन्या वाड्यातली" असं उत्तर आलं तर शैली उतरली. "श्रीमंत माणसाची" असं आलं, तर वस्तू आल्या पण शैली नाही आली.

एक काळजी घ्या. मुलांना स्वतःच्या घराचा फोटो आणायला सांगू नका, नाहीतर आपण पुन्हा 'माझे घर' निबंधावरच येतो. फोटो आपणच द्यावा. यंदा वीटभट्टीवरून परत आलेल्या एका मुलाने त्या खोलीत नातीसाठी वाशाला शिंकं टांगलं, मांजर पोचू नये इतक्या उंचीवर. शिंकं त्याने घरी पाहिलेलं होतं. त्याच्या घराबद्दल मी काहीच विचारलं नव्हतं.