दोन फोटो, एक जाहिरात : क्लिक बघून पुढचा प्रॉम्प्ट कसा बदलायचा?

तळेरे : आपल्याकडचे कोकम सरबत विकणारे आता फेसबुकवरच्या जाहिरातीसाठी एआयकडून फोटो बनवून घेऊ शकतात. पण दोन फोटोंपैकी कोणता चालेल, हे घरातल्यांना विचारून ठरत नाही. ते गिऱ्हाईक ठरवतं. त्यासाठी चाचणी नीट लावायला हवी.

समजा, पहिला प्रॉम्प्ट असा दिला : "काचेच्या ग्लासात कोकम सरबत, मागे पांढरी भिंत, सकाळचा उजेड." दुसऱ्यात बाकी सगळं तेच ठेवून फक्त "मागे सारवलेलं खळं" एवढंच बदललं. ग्लास, उजेड आणि मागचं दृश्य असं सगळंच एकदम बदललं, तर क्लिक कशामुळे वाढले ते कळणार नाही. मजकूर, किंमत आणि गावंही दोन्हीकडे सारखीच ठेवायची.

दोन्ही फोटो साध्या पद्धतीने एकत्र टाकले तर सुरुवातीला जो पुढे जातो, त्याच्यावरच फेसबुक जास्त पैसे घालतं. दुसऱ्याला संधीच मिळत नाही. म्हणून Ads Manager मधली A/B test निवडावी. त्यात बघणारे लोक दोन गटांत वाटले जातात. निकाल बघताना Link clicks हा रकाना बघा. Clicks (all) मध्ये लाईक आणि फोटोवरची बोटंही मोजली जातात.

आता आकडे बघू. दोन्ही फोटो प्रत्येकी 4,000 वेळा दिसले. भिंतीच्या फोटोला 48 क्लिक आले, खळ्याच्या फोटोला 76. फरक 28 चा. हा फरक खरा की योगायोग? दोन्ही फोटो सारखेच दिसले असतील तर एक सोपा हिशेब आहे. एकूण क्लिक 124, त्याचं वर्गमूळ साधारण 11, त्याची दुप्पट 22. फरक 22 पेक्षा जास्त आहे, म्हणजे खळं जिंकलं असं धरायला हरकत नाही.

हीच चाचणी दुसऱ्या दिवशी थांबवली असती आणि आकडे 12 आणि 19 असते तर? एकूण 31, वर्गमूळ साडेपाच, दुप्पट 11. फरक फक्त 7. इथे निकाल लागलेलाच नाही; चाचणी चालू ठेवायची.

पुढच्या प्रॉम्प्टमध्ये खळं तसंच ठेवायचं आणि आता दुसरी एकच गोष्ट बदलायची. उदाहरणार्थ, ग्लासाच्या जागी बाटली. फरक दिसलाच नाही तर मागचं दृश्य सोडून उजेड किंवा ग्लास बदलून बघा.

एक सांभाळा. एआय कधी कोकमाच्या जागी सफरचंदासारखं फळ काढतं, लेबलवर चुकीची अक्षरं टाकतं. असा फोटो चाचणीत घालूच नका. आणि क्लिक म्हणजे ऑर्डर नव्हे. खळ्याच्या फोटोला क्लिक जास्त, पण ऑर्डर कमी येत असतील, तर फोटोत दिसतं ते आणि बाटलीतून मिळतं ते यात फरक पडतोय का, ते आधी तपासा.