कापले गेले, पोचले नाहीत

शुक्रवारी संध्याकाळी बार्शीजवळच्या एका गावातून फोनवर स्क्रीनशॉट येतो. लाल गोल, त्यात फुली, खाली ‘Payment failed’, रक्कम ३,२४० रुपये, वेळ ६ वाजून ४१ मिनिटं, आणि एक बारा आकडी क्रमांक. त्याखाली एकच ओळ: ‘माझे पैसे कुठे आहेत?’ खताच्या दुकानात क्यूआर कोड स्कॅन केला होता. दुकानदाराचा साउंडबॉक्स गप्प राहिला, पण बँकेचा ‘डेबिट’ झाल्याचा मेसेज मात्र आला. बी-खताच्या दिवसांत तीन हजार रुपये अडकणं म्हणजे पेरणी अडकणं. म्हणून हा प्रश्न मी कधीच हलका समजत नाही.

स्क्रीनशॉट वाचायचा तर आधी हे पाहावं लागतं की त्यात बोलतंय कोण. लाल फुली अ‍ॅप दाखवतं. पैसे कापल्याचं बँक सांगते. दोघांचं म्हणणं एकमेकांविरुद्ध दिसतं, तरी दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. अ‍ॅपला फक्त शेवटचं उत्तर कळतं, आणि ते उत्तर येण्याआधी बरंच काही घडून गेलेलं असतं.

यूपीआयचा व्यवहार काही सेकंदांत होतो, पण त्यात बरेच टप्पे असतात. अ‍ॅपची विनंती त्याला जोडलेल्या बँकेमार्फत एनपीसीआयकडे, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे जाते. एनपीसीआय पैसे देणाऱ्याच्या बँकेला सांगते, ‘या खात्यातून इतके कापा.’ ती बँक कापते आणि ‘कापले’ असं कळवते. मग एनपीसीआय दुकानदाराच्या बँकेला सांगते, ‘इतके जमा करा.’ तिचं ‘जमा केले’ असं उत्तर आलं की हिरवी टिकली दिसते आणि साउंडबॉक्स बोलतो. नोटांचं बंडल यात कुठेच हलत नाही. हलतात त्या नोंदी. दोन बँकांमधला खरा हिशेब एनपीसीआय दिवसातून ठरावीक वेळा, सगळे व्यवहार एकत्र करून मिटवते.

म्हणजे पैसे हवेत विरत नाहीत. ते एका बँकेच्या नाहीतर दुसऱ्या बँकेच्या वहीत असतात. कोणत्या वहीत, हे दोरी कुठे तुटली त्यावर ठरतं.

पहिली शक्यता अशी की तुमच्याच बँकेने पैसे कापले, पण ‘कापले’ हे उत्तर ठरलेल्या वेळेत एनपीसीआयपर्यंत पोचलं नाही. एनपीसीआय अशा वेळी थांबत नाही. व्यवहार फसला असं धरून ती बँकेला रक्कम परत फिरवायला सांगते. अ‍ॅपवर लाल फुली येते. अशा वेळी पैसे तुमच्या बँकेबाहेर पडलेलेच नसतात. ते तुमच्या खात्यातून निघून बँकेच्याच एका अंतर्गत खात्यात पडलेले असतात. बहुतेकदा ते थोड्याच वेळात परत येतात. ते आले नाहीत, तर बँक स्वतःच्या नोंदी एनपीसीआयच्या नोंदींशी ताडून पाहते तेव्हा फरक सापडतो आणि रक्कम परत जमा होते.

दुसऱ्या शक्यतेत गुंता जास्त. तुमच्या बँकेचं काम नीट झालं, पण दुकानदाराच्या बँकेचं उत्तर आलं नाही. तिने पैसे जमा केले की नाही, हे त्या क्षणी एनपीसीआयलाही माहीत नसतं. स्क्रीनवर तेव्हा लाल फुलीऐवजी बहुधा ‘Pending’ किंवा ‘Processing’ दिसतं. इथे रक्कम हिशेबात दुकानदाराच्या बँकेकडे गेली असं धरलं जातं. पुढे त्या बँकेने ती दुकानदाराच्या खात्यात जमा करायची किंवा परत पाठवायची. म्हणून ‘Pending’ दिसत असताना लगेच दुसऱ्यांदा पैसे भरणं धोक्याचं. पहिली रक्कम उशिरा दुकानदाराला मिळाली, तर ती बँकेकडून परत येणार नाही, दुकानदाराकडूनच मागावी लागेल. घाई असेल तर रोख द्यावी आणि पहिली रक्कम नंतर जमा झाली तर ती परत मिळेल, असं दुकानदाराच्या तोंडून तिथेच ठरवून घ्यावं.

बार्शीच्या त्या माणसाला मी सर्वांत आधी खात्याचा उतारा पाहायला सांगितलं. मेसेजवर विसंबून चालत नाही. पैसे कापल्याचा मेसेज लोकांच्या लक्षात राहतो, परत आल्याचा मेसेज दहा जाहिरातींच्या मेसेजांखाली दबून जातो. उताऱ्यात कापलेल्या ओळीखाली त्याच बारा आकडी क्रमांकाची जमेची ओळ आहे का, ते पाहायचं. हा क्रमांक म्हणजे यूपीआय रेफरन्स नंबर. तो नसेल तर बँकेतला माणूसही फार काही शोधू शकत नाही, आणि स्क्रीनशॉट कापून पाठवताना लोक नेमकी तीच ओळ कापतात. त्याच्या उताऱ्यात शुक्रवारी रात्रीपर्यंत जमेची ओळ नव्हती.

मग वेळेचा प्रश्न. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात याची मुदत ठरवून दिली आहे. माणसाकडून माणसाकडे पाठवलेली रक्कम पोचली नाही, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ती परत यायला हवी. दुकानदाराला पैसे देताना खात्यातून कापले गेले आणि त्याच्याकडे पुष्टी पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत. इथे दिवस कॅलेंडरचे धरतात. शुक्रवारचा व्यवहार, म्हणून बुधवार शेवटचा. गुरुवारपासून होणाऱ्या उशिरासाठी दिवसाला १०० रुपये भरपाई, रक्कम लहान असो वा मोठी. आणि ही भरपाई ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता बँकेने आपणहून द्यायची आहे. खातेदारांना ही गोष्ट माहीतच नसते, आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण हा हक्क त्यांच्यासाठीच लिहून ठेवलेला आहे.

त्याची एक मर्यादाही आहे. चूक ग्राहकाची नसेल तेव्हाच हा नियम लागू होतो. चुकीच्या नंबरवर पाठवलेले पैसे व्यवस्थित पोचले असतील, तर तो फसलेला व्यवहार ठरत नाही. त्याचा मार्ग वेगळा आणि बराच लांबचा.

वाट पाहण्याच्या याच दिवसांत माणूस सर्वांत जास्त फसवला जातो. घाबरून तो इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो आणि तो नंबर भामट्याचा निघतो. किंवा स्क्रीनशॉट चारचौघांत टाकतो, आणि ‘बँकेतून बोलतोय, रिफंडसाठी पिन टाका’ असा फोन येतो. यूपीआय पिन पैसे जाण्यासाठी लागतो, येण्यासाठी कधीच लागत नाही. कुणी रिफंडसाठी पिन मागितला, तर तिथेच फोन बंद करावा. तोपर्यंत पैसे गेलेच असतील, तर एका क्षणाचाही विलंब न लावता १९३० वर तक्रार करावी.

तक्रारीची खरी जागा अ‍ॅपमध्येच असते. त्या व्यवहारावर जाऊन ‘Raise dispute’ किंवा ‘Help’ दाबलं की तक्रार रेफरन्स नंबरसकट नोंदली जाते. सोबत बँकेकडेही तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. बार्शीच्या माणसाने शनिवारी सकाळी दोन्ही केलं. सोमवारी दुपारी त्याच बारा आकडी क्रमांकाने ३,२४० रुपये खात्यात परत आले. पैसे मुदतीतच आले, त्यामुळे भरपाईचा प्रश्न उरला नाही.

ते आले नसते, आणि बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नसतं किंवा दिलेलं उत्तर पटलं नसतं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता आली असती. त्यासाठी शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही. लागतो तो बँकेकडे आधी केलेल्या तक्रारीचा पुरावा, व्यवहाराची तारीख आणि तोच बारा आकडी क्रमांक.