पुराने वाट अडते तेव्हा ग्राहकास पाठवावयाची सूचना

बेळगावच्या घाऊक धान्यपेठेतून कोल्हापूर, इचलकरंजी व गोमंतक या तिन्ही बाजूंस माल जातो. पावसाळ्यात या वाटा कधी ना कधी अडतात, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. ऑगस्ट 2019 मध्ये निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे व कोल्हापूरजवळ शिरोली येथे पंचगंगेचे पाणी राष्ट्रीय महामार्गावर आले आणि सुमारे आठवडाभर वाहतूक बंद राहिली. जुलै 2021 मध्येही तोच प्रसंग काही दिवस पुन्हा आला. अशा वेळी ट्रक अडणे आपल्या हाती नाही; परंतु ग्राहकास काय, केव्हा व कसे कळवावे हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. त्याविषयी आम्ही पाळीत आलेली रीत येथे सविस्तर मांडीत आहोत.

प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी. बेळगावात ऊन पडले म्हणजे वाट मोकळी झाली असे नव्हे. वेदगंगा व दूधगंगा सह्याद्रीच्या माथ्यावरून येतात. घाटमाथ्यावर पाऊस चालू असेल किंवा धरणातून पाणी सोडले असेल, तर आपल्याकडे आभाळ निवळल्यावरही यमगर्णीचे पाणी चढतच राहते. यास्तव ‘पाऊस थांबताच माल पाठवितो’ असे वचन कधीही लिहू नये. पाणी ओसरल्यावर रस्त्याची व पुलाची पाहणी होते, अत्यावश्यक मालाच्या गाड्या आधी सोडल्या जातात आणि मग दोन्ही अंगांस खोळंबलेल्या ट्रकांची रांग हळूहळू सुटते. म्हणून आमचा हिशेब रस्ता उघडल्याच्या दिवसापासून पुढे मोजला जातो, पावसाच्या थांबण्यापासून नव्हे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, आपल्याकडे 50 किलोची 500 पोती, म्हणजे 250 क्विंटल माल, पाठवावयाचा आहे. सोमवारी कोल्हापूरची 200 पोती, मंगळवारी इचलकरंजीची 100 आणि बुधवारी फोंड्याची 120 व मडगावची 80 पोती एका गाडीत, असा बेत ठरलेला आहे. आपला ट्रक दहा टनांचा, म्हणजे 200 पोत्यांचा. सोमवारी सकाळी यमगर्णीस पाणी आल्याची बातमी येते. अशा वेळी पुष्कळ दुकानदार सर्वच माल थांबवून बसतात, आणि येथेच नुकसान होते. गोव्याची वाट निराळी आहे. ती खानापूर, अनमोड घाट, मोले या मार्गाने जाते. तो घाट आज उघडा असेल, परंतु दरड कोसळल्यास किंवा अवजड वाहनांस बंदी झाल्यास परवा तो उघडा राहील याची शाश्वती नाही. म्हणून बुधवारची गोव्याची गाडी सोमवारीच भरून दिवसाउजेडी घाट उतरेल अशा बेताने सोडावी. फोंडा आधी लागतो व मडगाव पुढे, म्हणून मडगावची पोती आत व फोंड्याची मागील फाळक्याशी रचावीत. म्हणजे भर पावसात माल उलटापालट करावा लागत नाही.

कोल्हापूर व इचलकरंजीचा माल गाडीत भरूच नये. आधी भरून ठेवला म्हणजे नंबर लवकर लागेल, ही समजूत फसवी आहे. ताडपत्रीखाली पाच दिवस उभी राहिलेली गाडी म्हणजे दमट हवेत कोंडलेले धान्य. तीच पोती गोदामात फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचलेली असली तर आठवडाभरही निर्धास्त राहतात. शिवाय येथे कायद्याचाही प्रश्न आहे. 1930 च्या माल विक्री कायद्याप्रमाणे, अन्यथा ठरले नसेल तर, करारानुसार माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की तो सकृद्दर्शनी ग्राहकास पोहोचविला असे धरले जाते. म्हणजे पुढे वाट बंद आहे हे जाणून माल गाडीत चढविणे, हे आपली जोखीम ग्राहकाच्या माथी ढकलण्यासारखे आहे. ते व्यापाऱ्यास शोभत नाही.

रस्ता उघडल्याचा दिवस हा ‘उघडीचा दिवस’ धरावा. त्या दिवशी व दुसऱ्या दिवशी रांग सुटू द्यावी. तिसऱ्या दिवशी पहिला ट्रक सोडावा. त्यात इचलकरंजीची 100 व कोल्हापूरची 100 पोती घ्यावीत. चौथ्या दिवशी कोल्हापूरची उरलेली 100 पोती जातील. कोल्हापूरचा ग्राहक मोठा म्हणून त्याचा माल आधी पुरा करावा व लहान ग्राहकास ताटकळत ठेवावे, हे आम्हांस मान्य नाही. पूर ओसरल्यावर दोन्ही दुकाने रिकामी असतात. पहिल्या गाडीने दोघांच्याही फळीवर काही माल लागला पाहिजे.

हे ठरल्यावर त्याच दिवशी दुपारच्या आत ग्राहकास मोबाइलवर लेखी कळवावे. आमचा मजकूर साधारणतः असा असतो :

‘स. न. वि. वि. यमगर्णी येथे महामार्गावर पाणी आल्याने आपली 200 पोती आज निघालेली नाहीत. माल भरलेला नसून आमच्या गोदामात कोरडा आहे. रस्ता उघडल्यापासून तिसऱ्या दिवशी 100 व चौथ्या दिवशी 100 पोती निघतील. सौद्याचा भाव व भाडे ठरल्याप्रमाणेच राहील. आपल्याजवळ किती दिवसांचा माल शिल्लक आहे ते कळवावे. थांबणे सोयीचे नसल्यास न भरलेला माल रद्द करण्यास आमची हरकत नाही. रोज सायंकाळी सहा वाजता रस्त्याची स्थिती कळवू. कळावे.’

यातील ‘निघालेली नाहीत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. गाडी दारात उभी असता ‘निघाली आहे’ असे सांगणारे विक्रेते आम्ही पाहिले आहेत. त्या शब्दावर विसंबून ग्राहक जवळच्या पेठेतून माल घेत नाही, आणि ऐन बाजाराच्या दिवशी त्याचे दुकान रिते राहते. त्या दिवसाची विक्री त्यास कोणी भरून देत नाही.

गाडी आधीच वाटेस लागली असेल तर चालकास पाण्यात गाडी न घालता हत्तरगीच्या आसपास उंच जागी थांबण्यास अथवा परत फिरण्यास सांगावे, आणि खोटीचे भाडे कोणी सोसावयाचे ते ग्राहकाशी त्याच दिवशी बोलून ठरवावे. 50 किलोच्या सुट्या धान्याच्या पोत्यांस ई-वे बिल लागत नाही. परंतु 25 किलोपर्यंतच्या छापील पिशव्या करपात्र असल्याने, माल 50,000 रुपयांहून अधिक किमतीचा असल्यास, ते लागते. त्याची मुदत 200 किलोमीटरपर्यंत एक दिवसाची असते. गाडी अडल्यास मुदत संपण्याच्या आधी किंवा नंतर आठ तासांच्या आत नैसर्गिक आपत्तीचे कारण नोंदवून ती वाढवून घ्यावी.

माल पोहोचल्यावर ग्राहकाने खालच्या थराची व फाळक्याजवळची पोती आधी पाहावीत, कारण पाणी प्रथम तेथेच शिरते. पोत्याच्या तळाशी हात घालावा. बारदान ओलसर, दाणा कोमट किंवा वास कुबट लागल्यास ती पोती वजनाआधी चालकासमक्ष बाजूस काढून बिल्टीवर तसे लिहून सही घ्यावी. ओले पोते कोरड्या थप्पीत एक रात्र राहिले, तर शेजारची पोतीही बिघडतात आणि मग नुकसान कोठे झाले हे कोणासच सिद्ध करता येत नाही. म्हणून पूर ओसरल्यानंतरच्या पहिल्या गाडीसोबत ही सूचनाही आम्ही ग्राहकास लिहून पाठवितो.